लबाडांची भरवशाची साक्ष

१९३१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ‘बॉस्टन पोस्ट’ या दैनिकाने वाचकांपुढे एक कोडे ठेवले. कोडे कसले, ती एक इवलीशी गोष्टच होती. एका देशातले सगळे पुरुष एकतर सरदार होते नाहीतर शिकारी. दोन्ही कोणीच नव्हते. दिसायला ते इतके सारखे की पाहून ओळखणे अवघड. फरक एकच. सरदार कधीही खोटे बोलत नसत आणि शिकारी कधीही खरे बोलत नसत. एके दिवशी अहमद, अली आणि अझब असे तिघेजण भेटले. अहमद काहीतरी बोलला. ‘मी सरदार आहे’ आणि ‘मी शिकारी आहे’ या दोनपैकीच एक वाक्य तो बोलला, पण नेमके कोणते, हे वाचकाला सांगितलेले नाही. अलीने ते ऐकले होते. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, “अहमद म्हणाला, मी शिकारी आहे.” आणि पुढे जोडले, “हा अझब शिकारी आहे.” त्यावर अझब म्हणाला, “अहमद सरदार आहे.”

गोष्ट संपली. तिघांपैकी सरदार कोण आणि शिकारी कोण?

हे कोडे रचणारा नेल्सन गुडमन तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि बॉस्टनमध्ये एक कलादालन चालवत होता. पुढे तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या तत्त्वज्ञांत त्याची गणना होऊ लागली. खऱ्या-खोट्यांची कोडी त्याच्याही आधी होती. ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुइस कॅरलने १८९४ मध्ये अशा तिघांचे कोडे केले होते. पण गुडमनच्या गोष्टीत एक वेगळी गंमत आहे. सगळ्या उकलीची किल्ली अहमदच्या वाक्यात आहे आणि नेमके तेच वाक्य वाचकाच्या कानावर पडत नाही.

तरीही ते वाक्य ओळखता येते. अहमद सरदार असेल, तर तो खरे बोलणार, म्हणजे ‘मी सरदार आहे’ असे म्हणणार. तो शिकारी असेल, तर स्वतःबद्दलही खोटेच सांगणार, म्हणजे तोसुद्धा ‘मी सरदार आहे’ असेच म्हणणार. त्या देशात ‘मी शिकारी आहे’ हे वाक्य कोणाच्याच तोंडून निघू शकत नाही. सरदाराच्या तोंडी ते खोटे ठरेल आणि शिकाऱ्याच्या तोंडी खरे. म्हणजे अहमद कोणीही असला, तरी तो काय बोलला हे आपल्याला ठाऊक आहे. अली मात्र सांगतो की, अहमदने स्वतःला शिकारी म्हटले. हे खोटे आहे, म्हणून अली शिकारी.

इथून पुढे वाट सरळ आहे. अली शिकारी म्हटल्यावर त्याचे दुसरे वाक्यही खोटे. तो म्हणतो अझब शिकारी आहे, म्हणजे अझब सरदार. अझब सरदार असल्याने त्याचे बोलणे खरे, आणि तो म्हणतो अहमद सरदार आहे. दोन सरदार, एक शिकारी.

या उकलीत एक गोष्ट चटकन नजरेत भरत नाही. अझब सरदार आहे, ही पक्की माहिती आपल्याला मिळाली ती एका खोटारड्याकडून. नेहमी खोटे बोलणारा माणूस नेहमी खरे बोलणाऱ्याइतकाच भरवशाचा असतो. त्याचे म्हणणे फक्त उलटे करून घ्यायचे. अशा गोष्टींतल्या गावात ‘कोणावर विश्वास ठेवावा’ हा प्रश्न पडतच नाही. एकदा माणूस कोणत्या प्रकारचा हे कळले की त्याचा प्रत्येक शब्द उपयोगी पडतो.

याहून गमतीची बाब म्हणजे, कधी कधी बोलणारा कोण हे न कळताही त्याचे वाक्य उपयोगी पडते. समजा एक गावकरी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा आणि मी एकाच पंथातले.” बोलणारा सच्चा असेल, तर दुसराही त्याच्यासारखा, म्हणजे सच्चा. बोलणारा लबाड असेल, तर दोघे एका पंथातले नाहीत, म्हणजे दुसरा पुन्हा सच्चाच. बोलणाऱ्याबद्दल आपल्याला काडीचीही माहिती मिळालेली नाही, पण दुसऱ्या माणसाचा निकाल लागला. उलट “हा आणि मी वेगळ्या पंथातले” असे कोणी म्हणाले, तर ज्याच्याकडे बोट दाखवले तो नक्की लबाड, मग बोलणारा कोणीही असो.

या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली रेमंड स्मलियनने. १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस गणिती आणि तर्कशास्त्रज्ञ होता, उत्तम पियानो वाजवायचा आणि तरुणपणी जादूचे प्रयोग करून पैसे मिळवायचा. १९७८ मध्ये त्याचे ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ हे पुस्तक आले आणि त्यातले बेट जगभरच्या वाचकांच्या ओळखीचे झाले. त्या बेटावर कायम खरे बोलणारे ‘नाइट’ आणि कायम खोटे बोलणारे ‘नेव्ह’ राहतात. स्मलियनने एकाच बेटावर अनेक छोट्या छोट्या गोष्टी घडवल्या. कधी वाटसरू रस्ता विचारतो, कधी चोरीचा तपास लागतो, कधी लग्नाचा प्रश्न निघतो.

त्याच्या एका गोष्टीत तिघे भेटतात. पहिला म्हणतो, “आम्ही तिघेही नेव्ह आहोत.” दुसरा म्हणतो, “आमच्यात नेमका एकच नाइट आहे.” तिसरा गप्प.

पहिल्याचे म्हणणे खरे असू शकत नाही, कारण ते खरे मानले तर तो स्वतःच नेव्ह ठरतो आणि नेव्ह खरे बोलत नाही. म्हणून पहिला नेव्ह. आता पुढचे पाऊल टाकताना बहुतेक वाचक घसरतात. ‘तिघेही खोटे’ हे खोटे आहे, मग ‘तिघेही खरे’ असा निष्कर्ष ते काढतात. पण ‘सगळे’ या दाव्याच्या उलट ‘कोणीच नाही’ असे होत नाही. ‘सगळे खोटे’ हे चुकीचे ठरायला एक खरा माणूस पुरतो. पहिल्याच्या खोट्यातून एवढेच हाती लागते की उरलेल्या दोघांत किमान एक नाइट आहे.

आता दुसऱ्याला नेव्ह मानून पाहू. मग किमान एक नाइट असायचा तो तिसराच असणार आणि तिघांत नेमका एक नाइट होईल. पण दुसरा तेच तर म्हणाला होता. नेव्हच्या तोंडून खरे निघाले, हे चालणार नाही. म्हणून दुसरा नाइट आहे, त्याचे वाक्य खरे आहे, तिघांत तो एकटाच नाइट आहे आणि एक शब्दही न बोललेला तिसरा माणूस नेव्ह ठरतो.

याच घसरणीचे एक प्रसिद्ध उदाहरण फार जुने आहे. क्रीट बेटावरचा एपिमेनिडीस म्हणाला की क्रीटचे सगळे लोक खोटारडे आहेत. हे विधान स्वतःलाच खोटे पाडते, त्यातून सुटका नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. स्मलियनच्या बेटावरची शिस्त लावली तर सुटका अगदी सोपी आहे. एपिमेनिडीस खोटे बोलतो आहे आणि क्रीटवर त्याच्याशिवाय निदान एक तरी खरे बोलणारा माणूस आहे. खरी कोंडी होते ती ‘मी आत्ता खोटे बोलतो आहे’ या वाक्याने. ते खरे धरले तर खोटे होते आणि खोटे धरले तर खरे.

अशी गोष्ट सोडवण्यापेक्षा रचणे अवघड असते, आणि ती कशी बिघडते हे रचतानाच कळते. समजा मराठी मुलखातल्या एका गावात ही गोष्ट बसवायची आहे. गावात सच्चे आणि लबाड असे दोनच पंथ. रात्री सार्वजनिक विहिरीवरची मोटर कोणीतरी चालू ठेवली आणि टाकी वाहून पाणी वाया गेले. सकाळी नवा ग्रामसेवक पारावर येऊन चौकशी करतो. पारावर अक्का, भाऊ आणि तात्या बसलेले आहेत. काय घडले ते तिघांनाही ठाऊक आहे.

रचणारा उत्तर आधी ठरवतो: अक्का सच्ची, भाऊ आणि तात्या लबाड. मग त्या उत्तराशी जुळतील अशी वाक्ये प्रत्येकाच्या तोंडी घालतो.

तात्या म्हणतो, “साहेब, अक्का आणि मी एकाच पंथातले.”

अक्का म्हणते, “भाऊ आणि तात्या, दोघांपैकी निदान एक तरी लबाड आहे बघा.”

भाऊ म्हणतो, “तात्या सच्चा माणूस आहे, साहेब. मोटर काही त्याने चालू ठेवली नव्हती.”

ग्रामसेवक हिशोब मांडतो. तीन माणसे, प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणजे एकूण आठ शक्यता. तात्याच्या वाक्यावरून अक्का सच्ची ठरते, कारण ‘हा आणि मी एकाच पंथातले’ या वाक्याचा परिणाम नेहमी तोच असतो. आठपैकी चार शक्यता उरल्या. अक्का सच्ची म्हणजे तिचे म्हणणे खरे, तेव्हा भाऊ आणि तात्या दोघेही सच्चे असण्याची शक्यता गेली. उरल्या तीन. भाऊ तात्याला सच्चा म्हणतो. भाऊ सच्चा असेल तर तात्याही सच्चा आणि भाऊ लबाड असेल तर तात्याही लबाड, म्हणजे दोघे एकसारखेच. दोघे सच्चे असणे आधीच बाद झाले आहे, म्हणून दोघेही लबाड. एकच शक्यता उरली. राहिली मोटर. ती तात्याने चालू ठेवली नव्हती, असे लबाड भाऊ सांगतो. म्हणजे ती तात्यानेच चालू ठेवली होती. मित्राला वाचवायला भाऊने दिलेली साक्षच मित्राला भोवली.

आता याच गोष्टीत थोडी मोडतोड करून पाहू. अक्काचे वाक्य काढून टाकले, तर तात्याच्या बोलण्यावरून अक्का सच्ची हे कळेल आणि भाऊ-तात्या एकसारखे हेही कळेल, पण दोघे सच्चे की दोघे लबाड हे कळणार नाही. दोन उत्तरे उरतील, आणि मोटरीबद्दलचे भाऊचे म्हणणे सरळ घ्यायचे की उलटे, हे ग्रामसेवकाला ठरवता येणार नाही. अक्काच्या तोंडी “मी सच्ची आहे” असे वाक्य घातले तरी हीच अडचण राहील, कारण ते वाक्य गावातला प्रत्येक माणूस म्हणू शकतो आणि त्याने एकही शक्यता कमी होत नाही. उलट अक्काच्या वाक्यातला ‘निदान एक’ बदलून ‘नेमका एक’ केला, तर गोष्ट फुटते. अक्का सच्ची, म्हणून दोघांत नेमका एक लबाड हवा. पण भाऊच्या वाक्यावरून दोघे एकसारखे. एकही शक्यता उरत नाही. असे गाव असूच शकत नाही. एका शब्दाने एवढा फरक पडतो. म्हणूनच रचणाऱ्याला फक्त मनातले उत्तर जुळते की नाही हे पाहून चालत नाही. आठही शक्यता तपासून बाकीच्या सातही बाद होतात, याची खात्री करावी लागते.

नवख्याने लिहिलेल्या गोष्टींत आणखी एक दोष बराच आढळतो. दोन गावकरी एकमेकांना लबाड म्हणतात आणि लेखकाला वाटते की भांडण रंगले, काहीतरी सिद्ध झाले. त्या दोन वाक्यांतून कळते ते एवढेच की दोघांपैकी एक सच्चा आणि एक लबाड आहे. कोण कोणता हे नाही. शिवाय दुसऱ्याचे वाक्य पहिल्याच्या वाक्यात नवी भर घालतच नाही. पहिला दुसऱ्याला लबाड म्हणाला, तेव्हाच तेवढे कळले होते. कॅरलच्या कोड्यात हे गणित कसे जुळवले आहे ते पाहण्यासारखे आहे. पहिला म्हणतो दुसरा खोटा, दुसरा म्हणतो तिसरा खोटा आणि तिसरा म्हणतो ते दोघेही खोटे. तिघांनी नुसती एकमेकांना नावे ठेवली आहेत, तरी उत्तर एकच निघते. पहिला खरा मानला तर दुसरा खोटा आणि म्हणून तिसरा खरा होतो. पण तिसरा पहिल्यालाही खोटा म्हणतो, तेव्हा हे टिकत नाही. मग पहिला खोटा, दुसरा खरा आणि तिसरा खोटा.

हा सगळा खेळ उभा आहे तो ‘कायम’ या एका अटीवर. ती सैल केली की काय होते, हे गुडमनच्याच गोष्टीवर तपासून पाहता येते. सरदार आणि शिकारी यांच्याबरोबर त्या देशात तिसरा प्रकार आणू: मनमौजी, जो हवे तेव्हा खरे आणि हवे तेव्हा खोटे बोलतो. वाक्ये तीच ठेवली तरी पहिलीच पायरी ढासळते. ‘मी शिकारी आहे’ असे मनमौजी माणूस खुशाल म्हणू शकतो, त्याच्या तोंडी ते एक साधे खोटे आहे. त्यामुळे अली खोटे बोलला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिघांच्या मिळून सत्तावीस शक्यता होतात आणि सगळी वाक्ये लावून पाहिल्यावरही अकरा शिल्लक राहतात. त्या अकरांत अहमद सरदार असू शकतो, शिकारी असू शकतो, मनमौजीही असू शकतो. अली आणि अझब यांचेही तसेच. एकाही माणसाचा निकाल लागत नाही. खोटारडा पचला, पण लहरी माणूस गोष्टीला पचत नाही.

अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोसने १९९६ मध्ये ‘हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ फिलॉसॉफी’मध्ये जे कोडे ‘आजवरचे सर्वांत कठीण’ म्हणून मांडले, त्यातली खोचही हीच होती. त्यात तीन देव आहेत: एक नेहमी खरे बोलणारा, एक नेहमी खोटे बोलणारा आणि एक लहरी. तीन प्रश्नांत तिघांना ओळखायचे. त्यावर देव उत्तर देतात आपल्याच भाषेत, आणि त्यांच्या दोन शब्दांपैकी ‘हो’ कोणता व ‘नाही’ कोणता हेही माहीत नाही. उकलीत पहिला प्रश्न खर्च होतो तो लहरी देवापासून दूर जाण्यासाठी. त्या प्रश्नाने लहरी देव सापडत नाही. फक्त असा एक देव हाती लागतो जो नक्की लहरी नाही. तो खरा आहे की खोटा, याची घाई नसते. पुढचे प्रश्न त्याच्याकडे नेले की काम होते.

कोर्टात उभे राहणारे साक्षीदार बहुतेक याच तिसऱ्या प्रकारचे असतात. रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेले एक जुने सूत्र सांगते की जो एका बाबतीत खोटा, तो सगळ्याच बाबतींत खोटा. हे सूत्र साक्षीदाराला सरळ शिकाऱ्यांच्या रांगेत बसवते. भारतीय न्यायालयांनी ते कायद्याचा नियम म्हणून स्वीकारलेले नाही. निसार अली विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खुनाच्या खटल्यात १९५७ मध्ये हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सहआरोपीच्या बाबतीत साक्षीदारांवर विश्वास ठेवला गेला नव्हता आणि तो सुटला होता. मग त्याच साक्षीदारांचे आपल्याविरुद्धचे म्हणणेही टाकून द्यावे, असा आरोपीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. हे सूत्र फार तर सावधगिरीचा इशारा आहे, असे ठरले. त्यानंतरच्या अनेक निकालांत दाणे आणि भूस वेगळे करण्याची भाषा येते: साक्षीचा प्रत्येक भाग वेगळा घ्यायचा, इतर पुराव्याशी ताडून पाहायचा, आणि दोन्ही एकमेकांत इतके मिसळले असतील की वेगळे करता येत नाहीत, तेव्हाच सगळी साक्ष बाजूला ठेवायची.

गुडमनच्या देशात असा न्यायाधीश बिनकामाचा ठरला असता. अलीची दोन वाक्ये तिथे वेगवेगळी तपासावी लागत नाहीत. पहिले खोटे निघाले की दुसऱ्याचाही निकाल लागतो. कोर्टात मात्र अलीने पहिले वाक्य खोटे सांगितले हे सिद्ध झाले, तरी अझबबद्दलच्या त्याच्या दुसऱ्या वाक्यासाठी वकिलाला पुन्हा पहिल्यापासून उलटतपासणी घ्यावी लागेल.